सत्त्याऐंशी शब्दांचा ईमेल: एका अनोळखी ग्राहकाला लिहिलेल्या पत्राचा प्रकरण अभ्यास

वेबसाइटवरील नोंदणी अर्ज दुरुस्त करण्याचे काम मी स्वतंत्रपणे करतो, आणि या कामासाठी लागणारे बरेचसे ग्राहक मला स्वतःच शोधावे लागतात. ज्यांनी माझे नाव कधी ऐकलेले नाही अशा व्यक्तीला पहिल्यांदा लिहिलेला ईमेल, ज्याला आपल्या व्यवसायात सगळे ‘कोल्ड ईमेल’ म्हणतात, हा त्यातला सर्वांत अवघड भाग आहे. येथे अशा एकाच ईमेलचा अभ्यास मांडला आहे. एकाच संस्थेला मी आधी 214 शब्दांचा आणि नंतर 87 शब्दांचा ईमेल लिहिला होता. दुसरा लिहिताना वाचणाऱ्याच्या अडचणीने सुरुवात करायची आणि शंभर शब्दांच्या आत थांबायचे, असे मी ठरवले होते. पहिल्याला उत्तर आले नाही, दुसऱ्याला आले. परंतु दोन्ही ईमेलमधला फरक लांबीपुरता नव्हता, आणि तो नेमका कशात होता हे मलाही बऱ्याच उशिरा, काम हाती आल्यानंतर कळले.

संबंधित संस्था डोंगराळ भागातील पदभ्रमण मोहिमा आयोजित करते. मोहिमेसाठी नाव नोंदवताना इच्छुकाला एक ऑनलाइन अर्ज भरावा लागतो, आणि त्या अर्जासोबत डॉक्टरांनी दिलेले वैद्यकीय प्रमाणपत्र व ओळखपत्र अशा दोन कागदांचे फोटो जोडावे लागतात. संस्थेचे आणि तेथील व्यक्तींचे नाव मी येथे देत नाही, कारण त्यांच्या अर्जातील दोष हा विषय त्यांचा आहे; माझा विषय ईमेल आहे.

पहिला ईमेल

पहिला ईमेल मी संस्थेच्या सर्वसाधारण संपर्क पत्त्यावर पाठवला होता. त्याची सुरुवात अशी होती:

“नमस्कार, मी गेली सात वर्षे वेबसाइट विकसनाच्या क्षेत्रात कार्यरत असून आजवर अनेक संस्थांसाठी काम केले आहे. आपल्या संस्थेचे कार्य मी नेहमी आवडीने पाहत असतो. आजच्या काळात सुलभ आणि वेगवान वेबसाइट असणे प्रत्येक संस्थेसाठी अत्यावश्यक झाले आहे…”

पुढे माझ्या सेवांची यादी होती, त्यानंतर ‘आपल्या नोंदणी अर्जातही काही सुधारणा करता येतील असे वाटते’ असे एक वाक्य होते, आणि शेवटी अर्ध्या तासाच्या चर्चेसाठी सोयीची वेळ कळवण्याची विनंती होती. या ईमेलला उत्तर का आले नाही, याचे खात्रीशीर कारण मी सांगू शकत नाही. तो कदाचित नको असलेल्या टपालात गेला असेल, किंवा तो पत्ता कोणी नियमितपणे पाहतही नसेल. तरीही तीन आठवड्यांनी मी तो परक्याच्या नजरेने वाचला, तेव्हा एक गोष्ट ठळकपणे जाणवली. त्यातील एकही वाक्य त्या संस्थेपुरते नव्हते. संस्थेचे नाव बदलून तोच मजकूर एखाद्या ग्रंथालयाला किंवा औषधांच्या दुकानाला पाठवला असता, तरी एक शब्दही बदलावा लागला नसता. ‘काही सुधारणा करता येतील’ हे वाक्य तर जगातील कोणत्याही अर्जाबद्दल खरेच असते.

फोनवर ईमेल पाहणाऱ्याला उघडण्याआधी काय दिसते, हाही विचार मी केलेला नव्हता. यादीत पाठवणाऱ्याचे नाव दिसते, विषय दिसतो आणि मजकुराच्या पहिल्या एक-दोन ओळी दिसतात. तेवढ्यावरच उघडायचे की पुढे सरकायचे हे ठरते. माझ्या पहिल्या दोन ओळींत माझी सात वर्षे होती. वाचणाऱ्याचे त्यात काहीच नव्हते.

अडचण शोधणे आणि ती पाहणे

दुसऱ्या ईमेलची तयारी लिहिण्यापासून सुरू झाली नाही. संस्थेचे नोंदणीचे पान मी पुन्हा एकदा, या वेळी फोनवर आणि सावकाश वाचले. पानाच्या तळाशी, ‘सादर करा’ या बटणाखाली, लहान अक्षरांत एक सूचना होती: ‘अर्ज पुढे जात नसल्यास फोन करा’. खाली कार्यालयाचा क्रमांक दिलेला होता. ही ओळ पहिल्या वेळी माझ्या नजरेतून सुटली होती, आणि माझ्या मते या संपूर्ण प्रकरणातील सर्वांत मोलाची माहिती हीच होती. कोणत्याही संस्थेला अशी सूचना उगाच लावाविशी वाटत नाही. अर्ज अडतो हे त्यांना माहीत होते, लोक फोन करत होते आणि कोणीतरी ते फोन रोज उचलत होते, एवढे त्या एका ओळीवरून कळत होते.

त्यानंतर मी स्वतः अर्ज भरून पाहिला. येथे एक खबरदारी घ्यावी लागते. खोट्या नावाने भरलेले अर्ज संस्थेच्या यादीत जाऊन बसतात आणि आपण ज्यांना मदत करू पाहतो त्यांचेच काम वाढवतात. म्हणून मी स्वतःचे खरे नाव भरले, शेऱ्याच्या चौकटीत ‘ही चाचणी आहे, कृपया नोंद धरू नये’ असे लिहिले आणि फोनच्या पडद्याचे चित्रीकरण सुरू ठेवले. वैद्यकीय प्रमाणपत्राच्या जागी मी माझ्याच एका जुन्या कागदाचा, फोनने काढलेला फोटो जोडला. ‘सादर करा’ दाबल्यावर पान एकदा लुकलुकले आणि पुन्हा तोच अर्ज समोर आला. काय झाले याचा काहीच अंदाज येईना. वर सरकत सरकत पानाच्या अगदी माथ्यावर गेलो, तेव्हा तेथे लाल अक्षरांत संदेश सापडला: फाइल दोन एमबीपेक्षा मोठी आहे. आणि खाली आलो तर नाव, पत्ता, आपत्कालीन संपर्क, आधीच्या मोहिमांची माहिती, सगळे रकाने कोरे झाले होते.

आजच्या फोनने पूर्ण आकारात काढलेला फोटो दोन एमबीपेक्षा सहज मोठा असतो. म्हणजे जो कोणी फोनने प्रमाणपत्राचा फोटो काढून थेट जोडेल, त्याचा अर्ज येथे अडण्याची शक्यता मोठी होती, आणि अडण्याचे कारण त्याला दिसणार नव्हते. दोन एमबी हा आकडा पाहताच मला मूळ कारणाचाही अंदाज आला. पीएचपी या भाषेत लिहिलेल्या वेबसाइटवर, कोणी मुद्दाम बदलल्या नसतील तर, या मर्यादा मुळातच अशा असतात:

```
upload_max_filesize = 2M
post_max_size = 8M
```

पहिली ओळ एका फाइलची कमाल मर्यादा ठरवते आणि दुसरी संपूर्ण अर्जाची, म्हणजे सर्व फाइली व सर्व मजकूर मिळून. या दुसऱ्या ओळीला पुढे महत्त्व येणार आहे. मात्र ईमेलमध्ये या दोन्हींपैकी काहीही गेले नाही. त्याची दोन कारणे होती. एक म्हणजे, मी त्यांची वेबसाइट आतून पाहिलेली नव्हती, त्यामुळे हा केवळ अंदाज होता. दुसरे म्हणजे, ज्या व्यक्तीला मी लिहिणार होतो तिची अडचण ‘अपलोडची मर्यादा’ ही नव्हतीच. तिची अडचण ही होती की लोक अर्ज भरतात, तो जात नाही आणि ते फोन करतात. कारागिराला दिसणारे कारण आणि ग्राहकाला जाणवणारी अडचण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ईमेलच्या सुरुवातीला जागा फक्त दुसरीला असते.

पत्ताही मी बदलला. संस्थेच्या पानावर नोंदणीचे काम पाहणाऱ्या समन्वयक बाईंचे नाव आणि कार्यालयीन ईमेल दिलेला होता. ज्यांच्या टेबलावर तो फोन वाजत होता, त्यांनाच लिहायचे ठरवले.

कच्चा मसुदा आणि त्यातून गळालेली वाक्ये

पहिला कच्चा मसुदा 131 शब्दांचा झाला. त्यातून कोणती वाक्ये गेली आणि का गेली, हे थोडे सविस्तर सांगतो, कारण शंभर शब्दांच्या मर्यादेचे खरे काम तेथेच दिसते.

मसुद्यात एक वाक्य असे होते: ‘यामुळे तुमच्या अनेक नोंदण्या हातच्या जात आहेत.’ हे वाचायला जोरकस वाटते, पण मला ते ठाऊक नव्हते. अर्ज अडल्यावर किती जण फोन करून नोंदणी पूर्ण करतात आणि किती जण सोडून देतात, हे फक्त संस्थेला माहीत असू शकते. यापूर्वी एका वेगळ्या ठिकाणी मी अशाच अंदाजाने ईमेलची सुरुवात केली होती, आणि ‘आमच्या सर्व जागा भरलेल्या आहेत, धन्यवाद’ असे एका ओळीचे उत्तर आले होते. ते उत्तर योग्यच होते. मी त्यांना त्यांच्याच व्यवसायाबद्दल चुकीची गोष्ट सांगितली होती, आणि त्यानंतर माझ्या बाकीच्या मजकुरावर विश्वास ठेवण्याचे त्यांना कारण उरले नव्हते. अडचणीने सुरुवात करायची म्हणजे पाहिलेल्या अडचणीने करायची, तर्काने काढलेल्या तोट्याने नव्हे.

दुसरे वाक्य होते: ‘ही दुरुस्ती मी दोन दिवसांत करून देऊ शकतो.’ तेही काढले. आतली रचना पाहिल्याशिवाय दिवस सांगणे म्हणजे पुढे शब्द फिरवण्याची तयारी ठेवणे होय. त्याजागी मी पूर्वी खरोखर केलेल्या कामाचा उल्लेख ठेवला.

तिसरा बदल एका क्रियापदाचा होता. मसुद्यात ‘तुमचा अर्ज सदोष आहे’ असे होते. अडचणीने सुरू होणाऱ्या ईमेलमधला मोठा धोका येथे असतो. अनोळखी माणूस आल्या आल्या दोष काढतो आहे, असे वाचणाऱ्या व्यक्तीला वाटले तर ती बचावाच्या पवित्र्यात जाते. कदाचित तो अर्ज तिनेच पाठपुरावा करून बनवून घेतलेला असतो. मराठीत यावर एक सरळ उपाय हाताशी आहे. ‘अर्ज अडतो’, ‘संदेश दिसत नाही’, ‘माहिती पुसली जाते’ अशी क्रियापदे वापरली की घटना सांगितली जाते आणि कोणाकडे बोट दाखवले जात नाही. मी मसुद्यातील सर्व विशेषणे काढून त्यांच्या जागी अशी क्रियापदे ठेवली, तेव्हा ईमेल लहानही झाला आणि सौम्यही झाला.

‘आपल्या’ आणि ‘तुमच्या’ यांतही मी थोडा वेळ घालवला. ‘आपल्या’ अधिक आदराचे, हे खरे. पण ‘आपल्या नोंदणी पानावर’ असे वाचताना क्षणभर ते पान दोघांचे आहे की काय, असा घोळ होऊ शकतो. पहिल्याच शब्दात घोळ नको म्हणून ‘तुमच्या’ ठेवले आणि आदर ‘नमस्कार मॅडम’वर सोपवला.

आणखी एक वाक्य काढताना मात्र मला खरोखर वाईट वाटले होते. सूचनेच्या उल्लेखाला जोडून मी लिहिले होते: ‘प्रमाणपत्राचा फोटो जोडता येत नसल्यामुळेच ही सूचना तुम्हाला लावावी लागली असणार.’ हे वाक्य मला दोन्ही गोष्टींना बांधणारा दुवा वाटत होते. ते चुकीचे असेल असे तेव्हा मनातही आले नाही. केवळ शब्द वाढत होते म्हणून ते गेले.

पाठवलेला ईमेल

गुरुवारी सकाळी पाठवलेला ईमेल शब्दशः असा होता.

विषय: वैद्यकीय प्रमाणपत्र जोडताना नोंदणी अर्ज अडतो

“नमस्कार मॅडम,

तुमच्या नोंदणी पानावर ‘अर्ज पुढे जात नसल्यास फोन करा’ अशी सूचना आहे. मंगळवारी मी फोनवरून अर्ज भरला, तेव्हा तो वैद्यकीय प्रमाणपत्राच्या फोटोपाशी अडला. फोटो दोन एमबीपेक्षा मोठा असल्याचा संदेश पानाच्या अगदी वर येतो. ‘सादर करा’ बटणापाशी असलेल्या माणसाला तो दिसत नाही आणि आधी भरलेली माहितीही पुसली जाते.

मी वेबसाइटवरील अर्ज दुरुस्त करण्याचे काम करतो. मोठा फोटो आपोआप लहान व्हावा आणि भरलेली माहिती टिकावी, अशी दुरुस्ती मी दोन संस्थांसाठी केलेली आहे.

हे सगळे फोनच्या पडद्यावर घडतानाचे चाळीस सेकंदांचे चित्रीकरण मी करून ठेवले आहे. ते पाठवू का?”

खाली माझे पूर्ण नाव, टपाली पत्ता, फोन क्रमांक आणि ‘पुन्हा लिहू नये असे वाटत असल्यास एक शब्द कळवा’ अशी एक ओळ होती.

शब्दमोजणीत मी ‘नमस्कार मॅडम’ धरले आहे. विषय आणि सहीचा भाग धरलेला नाही. सहीचा भाग मोजणीबाहेर ठेवण्याचे कारण असे की तो कमी करता येण्यासारखा नसतो. अमेरिकेचा 2003 चा कॅन-स्पॅम कायदा एखाद्या व्यवसायाला पाठवलेल्या एकट्या व्यापारी ईमेललाही लागू होतो, आणि त्यात पाठवणाऱ्याचा टपाली पत्ता, पुढील ईमेल नाकारण्याची सोय व दिशाभूल न करणारा विषय यांची अट आहे. इतर काही देशांत नियम याहून कडक असून आधी संमती लागते. ज्या देशातील ग्राहकाला लिहायचे तेथील नियम पाहून घेणे हे पहिल्या ओळीच्याही आधीचे काम आहे.

मराठीतील शंभर शब्दांबद्दल एक बारकावा येथे सांगितला पाहिजे. आपले विभक्तिप्रत्यय आणि बरीचशी शब्दयोगी अव्यये शब्दालाच चिकटतात. ‘फोटोपाशी’, ‘एमबीपेक्षा’, ‘संस्थांसाठी’ हे प्रत्येकी एकच शब्द मोजले जातात, पण वाचणाऱ्याच्या डोळ्याला त्यात दोन शब्दांचे काम पडते. म्हणून मराठीत शंभरची मर्यादा पाळली तरी मजकूर फोनवर दाट दिसू शकतो. मी साधारण पंच्याऐंशीच्या आसपास थांबतो आणि ईमेल पाठवण्यापूर्वी तो स्वतःलाच पाठवून फोनवर पाहतो. शेवटचा प्रश्न फार खाली न सरकता सापडला, तरच लांबी योग्य आहे असे मानतो.

चित्रीकरण ईमेलसोबतच का जोडले नाही, असा प्रश्न मला एका सहकाऱ्याने विचारला होता. अनोळखी माणसाकडून आलेली जोडफाइल उघडायला सावध माणूस तयार नसतो, आणि तसे न करणेच त्याच्या हिताचे असते. शिवाय चित्रीकरण मागे ठेवल्यामुळे शेवटचा प्रश्न अगदी लहान करता आला. अर्ध्या तासाच्या चर्चेसाठी वेळ देणे ही अनोळखी माणसाकडे केलेली मोठी मागणी आहे, ‘पाठवू का?’ याला ‘हो’ म्हणायला फोनवर एकच अक्षर पुरते.

पण चित्रीकरण मागे ठेवताना अडचणच मागे ठेवली नाही, हे महत्त्वाचे आहे. ‘तुमच्या वेबसाइटवर एक गंभीर दोष सापडला आहे, तपशिलासाठी संपर्क साधा’ अशा धाटणीचे ईमेल अनेकांना येत असतात, आणि ते खंडणीसारखे वाटतात. माझ्या ईमेलमध्ये अडचण कोठे आहे, कशी दिसते आणि तिचे तात्कालिक कारण काय आहे, हे सारे उघडपणे सांगितलेले होते. वाचणाऱ्याने मला उत्तरही न देता ती दुरुस्त करून घ्यावी, इतकी ती माहिती पूर्ण होती. तसे होऊ शकते हे मला मान्य करावे लागले, आणि पुढे जवळजवळ तसेच झाले.

पुढे काय झाले

सोमवारी समन्वयक बाईंचे उत्तर आले: ‘पाठवा.’ मी त्याच दिवशी चित्रीकरण पाठवले आणि सोबत दुसरे काहीही लिहिले नाही. बुधवारी त्यांनी कळवले की त्यांची वेबसाइट सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाने मर्यादा वाढवून दिली आहे, त्यामुळे प्रश्न मिटला असून त्याबद्दल त्या आभारी आहेत. मी दोन ओळींत आनंद व्यक्त केला आणि एवढेच सुचवले की एकदा तुम्ही स्वतः, तुमच्याच फोनवरून, दोन्ही कागदांचे फोटो जोडून अर्ज भरून पाहावा. काम हातून गेले होते, याचे वाईट वाटले नाही असे म्हणणे खोटे ठरेल. पण त्यांच्या तंत्रज्ञाने केलेल्या कामावर अविश्वास दाखवणे मला योग्य वाटले नाही.

अकरा दिवसांनी त्यांचाच ईमेल आला. त्यांनी अर्ज भरून पाहिला होता. आता लाल संदेशही येत नव्हता. ‘सादर करा’ दाबल्यावर कोरा अर्ज समोर येत होता आणि काय चुकले हे कोठेही लिहिलेले नव्हते. फोनही पूर्वीपेक्षा अधिक येऊ लागले होते.

कारण मला जवळजवळ लगेच लक्षात आले, आणि नंतर आत पाहिल्यावर तेच निघाले. तंत्रज्ञाने एका फाइलची मर्यादा दहा एमबीपर्यंत वाढवली होती, परंतु संपूर्ण अर्जाची आठ एमबीची मर्यादा तशीच राहिली होती. प्रत्येकी साडेचार एमबीच्या आसपासचे दोन फोटो जोडले की एकूण वजन आठ एमबीच्या पुढे जाते. तसे झाले की पीएचपी फाइलींबरोबर अर्जातला मजकूरही टाकून देते. वेबसाइटच्या हाती नावापासून शेऱ्यापर्यंत काहीच पडत नाही. त्यामुळे अर्ज अडल्याचे ओळखून संदेश दाखवणारा भागच चालत नव्हता. पूर्वी निदान माथ्यावर का होईना, कारण दिसत होते; आता तेही गेले होते.

या वळणावर ईमेलच्या लिखाणाचा एक परिणाम दिसला, ज्याची मी योजना केलेली नव्हती. ईमेलमध्ये मी ‘अपलोडची मर्यादा कमी आहे’ असे लिहिले असते, तर ती वाढवल्यावर बाईंच्या दृष्टीने विषय संपला असता, कारण मर्यादा खरोखरच वाढली होती. परंतु मी त्यांना लोकांना काय दिसते ते सांगितले होते: बटण दाबल्यावर कारण कळत नाही आणि भरलेली माहिती पुसली जाते. त्यामुळे दुरुस्ती झाली की नाही हे तपासण्याचे साधन त्यांच्याच हातात होते. त्यांनी अर्ज भरला, माहिती पुसली गेली, आणि तंत्रज्ञानाचा एक शब्दही न वापरता त्यांना समजले की मूळ अडचण आहे तिथेच आहे. त्यांनी मला नंतर सांगितले की तंत्रज्ञाकडे माझा ईमेल पाठवताना त्यांनी वर स्वतःचे एकही वाक्य लिहिले नव्हते. आणि दुसऱ्यांदाही त्यांनी तोच ईमेल उघडून एकेक ओळ ताडून पाहिली होती.

काम मला मिळाले. दोन्ही मर्यादा एकमेकींशी जुळवल्या, फोटो पाठवण्यापूर्वी फोनमध्येच लहान होईल अशी सोय केली आणि तो लहान झाल्यावरही डॉक्टरांची सही व शिक्का वाचता येतो ना, हे निरनिराळ्या फोनवर तपासले. अडल्यास संदेश त्या त्या रकान्याखालीच दिसेल आणि भरलेला मजकूर टिकेल, असेही केले. निवडलेली फाइल मात्र पान पुन्हा आल्यावर नव्याने निवडावीच लागते, कारण सुरक्षिततेसाठी ब्राउझर तो रकाना वेबसाइटला भरू देत नाही. म्हणून फोटो आधी स्वतंत्रपणे पाठवला जाईल अशी रचना करावी लागली, आणि या कामाला दोन नव्हे तर सहा दिवस लागले. ‘दोन दिवसांत’ हे वाक्य मी ईमेलमध्ये ठेवले नव्हते, हे त्या दिवसांत वारंवार आठवत होते.

या पद्धतीची एक मर्यादाही नोंदवतो. असा ईमेल तेथेच लिहिता येतो जेथे अडचण बाहेरून पाहता येते. सार्वजनिक अर्ज, सूचनांची पाने, ग्राहकांनी उघडपणे लिहिलेले अभिप्राय यांतून ती दिसते. हिशेब ठेवणारा किंवा अंतर्गत प्रशिक्षण देणारा माणूस ग्राहकाच्या आत डोकावू शकत नाही, आणि त्याने माझ्यासारखे ‘मंगळवारी मी पाहिले’ असे लिहिण्याचा आव आणला तर ते उघडे पडेल. शिवाय या तयारीला वेळ लागतो. या एका ईमेलमागे माझे सुमारे अडीच तास गेले होते, त्यांतील लिहिण्याचा वेळ जेमतेम चाळीस मिनिटांचा होता. दिवसाला पन्नास ईमेल पाठवण्याचा मार्ग हा नव्हे.

काम पूर्ण झाल्यावर मी बाईंना विचारले की ती ‘फोन करा’ची सूचना आता काढायची का. त्या म्हणाल्या, “ती राहू द्या. ती फोटोसाठी लावलेलीच नव्हती.” दोन वर्षांपूर्वी ऑनलाइन पैसे भरताना व्यवहार मध्येच लटकत असत, तेव्हा ती लावली होती; प्रमाणपत्राची अट नंतर आली, आणि फोटोसाठी येणारे फोन त्याच क्रमांकावर येऊ लागले. मी घरी येऊन जुना मसुदा उघडला. ‘प्रमाणपत्राचा फोटो जोडता येत नसल्यामुळेच ही सूचना तुम्हाला लावावी लागली असणार’ हे वाक्य त्यात अजून होते, ईमेलच्या अगदी दुसऱ्या ओळीत, जेथे ते उघडण्यापूर्वीच बाईंच्या नजरेस पडले असते. पाठवलेल्या ईमेलमध्ये सूचना आणि अडलेला अर्ज ही दोन वाक्ये शेजारी शेजारी उभी होती, आणि त्यांच्यामध्ये ‘म्हणून’ नव्हते.